रंगाशेजारचे वाक्य

७ जुलै २०२४ हा रविवार होता. रात्री झोपण्याआधी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत घरोघरी हवामान खात्याच्या नकाशावर एकच गोष्ट पाहिली गेली: उद्याचा, म्हणजे सोमवारचा रंग. तो पाहून डबे ठरले, गणवेश इस्त्रीला गेले, पाचचा गजर लागला. रात्री एकच्या सुमाराला पाऊस धरला आणि सकाळी सातपर्यंत त्याने दम घेतला नाही. त्या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडल्याचे महापालिकेच्या पर्जन्यमापकांनी दाखवले. भांडुप-नाहूरजवळ रुळांवर पाणी आले, मध्य रेल्वेच्या लोकल ठप्प झाल्या, सकाळच्या सत्रातल्या शाळांना सुट्टी जाहीर झाली. ती बातमी येईपर्यंत कितीतरी मुले बूट घालून जिन्यात उभी होती.

त्या दिवशी जिन्यात जो तो म्हणत होता, सोमवारचा अंदाज चुकला. अंदाज किती बरोबर होता हा प्रश्न वेगळा आहे आणि तो विचारायलाही हवा. पण आमची चूक त्याच्या आधीची होती. आम्ही पाहिलेला दिवसाचा चौकोनच दुसरा होता. हवामान खात्याचा दिवस रात्री बाराला सुरू होत नाही. तो सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. देशभरातल्या वेधशाळा त्याच वेळी चोवीस तासांचा पाऊस मोजतात. ग्रिनिचच्या घड्याळात तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. त्यामुळे सोमवारी पहाटे तीन वाजता कोसळणारा पाऊस खात्याच्या हिशेबात रविवारचा. आम्ही सोमवारचा रंग पाहून निजलो तेव्हा त्या रात्रीला लागू असलेला रंग शेजारच्या चौकोनात होता, आणि तो दिवस संपला असे समजून आम्ही तो पाहिलाच नव्हता.

ही पुस्तिका त्या सकाळी जिन्यात झालेल्या बोलण्यातून निघाली. मी हवामानशास्त्रज्ञ नाही. भूगोल शिकवण्यात आयुष्य गेले, पावसाळ्यात गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रोज नोंद करायची सवय लागली आणि मध्य रेल्वेने तीस वर्षे प्रवास केला. एवढ्याच भांडवलावर हे लिहीत आहे. माझे म्हणणे एकच आहे. रंग हा पावसाचा आकडा नाही. आपण किती तयारीत असावे याची ती सूचना आहे. आकडा, जागा आणि वेळ या तिन्ही गोष्टी रंगाशेजारच्या वाक्यात असतात आणि ते वाक्य वाचायला अर्धे मिनिट लागते.

रंग चार आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे सज्ज राहा. लाल म्हणजे आता कृती करा. हिरवा सोडला तर ही सगळी क्रियापदे आहेत हे ध्यानात घ्यावे. पिवळा म्हणजे कमी पाऊस आणि लाल म्हणजे खूप पाऊस अशी साधी शिडी आपण मनात बांधलेली असते. ती बऱ्याचदा जुळते, म्हणूनच फसवते.

रंग ठरवताना खाते दोन गोष्टी एकत्र तोलते: झाले तर किती नुकसान होईल आणि होण्याची शक्यता किती. त्यामुळे पिवळे दोन जातींचे निघतात. एक पिवळा असा की, पाऊस नक्की येणार, पण त्याने फार बिघडणार नाही. सखल रस्त्यावर घोटाभर पाणी, गाड्या दहा-पंधरा मिनिटे उशिरा. दुसरा पिवळा असा की, आला तर फार मोठा येईल, पण येईलच याची खात्री आज देता येत नाही. चार दिवसांनंतरचा पिवळा पुष्कळदा या दुसऱ्या जातीचा असतो. दिवस जवळ येतो, समुद्रावरच्या कमी दाबाच्या पट्ट्याची जागा स्पष्ट होते, आणि तोच चौकोन नारंगी होतो, कधी लाल. किंवा पट्टा गुजरातकडे सरकतो आणि चौकोन हिरवा होतो. म्हणून सोमवारी पाहिलेला शुक्रवारचा पिवळा शुक्रवारपर्यंत मनात धरून बसण्यात अर्थ नाही. अंदाज दिवसातून एकाहून जास्त वेळा सुधारला जातो. दुपारचा आणि संध्याकाळचा, असे दोन वेळा पाहिले तर घरच्या कामाला पुरते. हे सगळे mausam.imd.gov.in वर जिल्हावार मिळते.

जुलै २०२४च्या त्याच आठवड्यात याची दुसरी बाजूही दिसली. सोमवारच्या अनुभवानंतर मंगळवारी, ९ जुलैला, मुंबईला लाल इशारा होता, शाळा बंद ठेवल्या गेल्या, आणि दिवसभर पाऊस फारसा झाला नाही. लोक चिडले. मला ती चीड समजते. एका दिवसाची मजुरी बुडणे ही लहान गोष्ट नाही. पण शक्यतेवर दिलेला इशारा दर वेळी खरा ठरला, तर याचा अर्थ खाते फक्त अगदी खात्री झाल्यावरच बोलते आहे, आणि तोवर पाणी उंबऱ्याशी आलेले असेल. शिवाय सुट्टी हवामान खाते देत नाही. ती जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्त देतात. लाल रंग आणि सुट्टी यांत एका माणसाचा निर्णय असतो. म्हणून लाल असूनही शाळा चालू असू शकते आणि नारंगी असताना बंद.

आता वाक्याकडे येऊ. जिल्ह्याच्या नावापुढे साधारण असे लिहिलेले असते: ‘तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पावसाची शक्यता.’ यातला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला आहे. आपण ‘मुसळधार’ कसाही वापरतो. छत्री उलटी झाली की झाला मुसळधार. खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार सुरू होतो, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. हे विचित्र अपूर्णांक पाठ करायची गरज नाही. पूर्ण सेंटिमीटरमध्ये धरले की ते सुटसुटीत होतात: ७ ते ११ मुसळधार, १२ ते २० अति मुसळधार, २१ आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. साधारणपणे पहिल्यासाठी पिवळा, दुसऱ्यासाठी नारंगी, तिसऱ्यासाठी लाल असे दिसते. पण वर सांगितलेली शक्यता मध्ये आली की ही जोडी हलते. शेतकऱ्यांच्या कानावर असलेला ‘अतिवृष्टी’ हा शब्द महसूल खात्याचा. नुकसानभरपाईसाठी महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी. म्हणजे तलाठ्याची अतिवृष्टी आणि वेधशाळेचा मुसळधार जवळजवळ एकाच रेघेवर सुरू होतात. गावाकडचे नातेवाईक आणि मुंबईतले आपण एकाच पावसाला दोन नावे देत असतो.

मिलिमीटर डोळ्यांसमोर आणायचा एक सोपा मार्ग वर्गात मुलांना सांगत असे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर फरशीवर एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पडले तर पाच हजार लिटर, म्हणजे पाण्याचा एक लहान टँकर. ते गच्चीच्या दोन पन्हळींतून खाली जायचे असते. एक पन्हळ पानांनी तुंबलेली असेल तर काय होईल हे मुले लगेच सांगत.

पण माझ्या मते त्या वाक्यातला सर्वांत दुर्लक्षित शब्द ‘तुरळक ठिकाणी’ हा आहे. ऐकताना वाटते, तुरळक पाऊस, म्हणजे थोडासा. तसे नाही. तुरळक आहेत ती ठिकाणे, पाऊस नव्हे. जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर तो पाऊस होईल, असा त्याचा अर्थ. पण ज्या केंद्रावर होईल तिथे पूर्ण ताकदीने होईल. कोणत्या, ते आदल्या दिवशी सांगता येत नाही. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्मी, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे निम्म्याहून अधिक, आणि पाऊणच्या पुढे गेले की ‘बहुतांश ठिकाणी’.

याचा अर्थ मला २६ जुलै २००५ला कळला. त्या दिवशी मी फोर्टमध्ये एका कामाला गेलो होतो. दुपारी तिथे पाऊस होता, पण जुलैत असतो तसाच. कुर्ल्याहून एका सहकाऱ्याचा फोन आला, पाणी कमरेपर्यंत आले आहे, आणि माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ खिडकीबाहेर पाहून म्हणाले, “अहो, काहीतरीच काय, इथे तर नेहमीचाच आहे.” त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे ७३. दोन्ही मुंबईच, मध्ये वीस-पंचवीस किलोमीटर. कुलाब्याचा आकडा आजच्या मोजपट्टीवर ‘मुसळधार’च्या पहिल्या पायरीवर जेमतेम बसतो, सांताक्रूझचा आकडा शेवटच्या पायरीच्या चौपटीहून जास्त आहे. त्या दिवशी संध्याकाळी मी खिडकीतला पाऊस पाहून घरी निघालो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो. तेव्हापासून माझ्या डोक्यावरच्या आभाळाला मी पुरावा मानत नाही.

रोज जाणाऱ्यायेणाऱ्यांसाठी यातून एक साधा नियम निघतो. घर ज्या जिल्ह्यात आहे तेवढाच रंग पाहून चालत नाही. कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला येणारा माणूस ठाणे, मुंबई उपनगर आणि मुंबई शहर असे तीन जिल्हे ओलांडतो. त्याचा त्या दिवसाचा रंग म्हणजे या तिघांतला सर्वांत गडद. गाडी कुर्ला-शीवमध्ये अडकली तर कल्याणला ऊन पडले होते याचा उपयोग काय? वसई-विरारकरांनी पालघर धरावा, पनवेलकरांनी रायगड.

पुण्यात ही गोष्ट आणखी वेगळ्या रीतीने पाहावी लागते. खाते आता पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांच्या घाटांचा इशारा शहरी भागापासून वेगळा देते, कारण घाटमाथ्यावरचा आणि शहरातला पाऊस यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्याला वाटते, घाटाचा लाल इशारा ताम्हिणीला भजी खायला जाणाऱ्यांसाठी. पण घाटातले पाणी पानशेत, वरसगाव, टेमघरमधून खडकवासल्यात येते आणि खडकवासल्यातून मुठेत. २५ जुलै २०२४च्या पहाटे एकता नगरीत शिरलेल्या पाण्यात शहरातल्या पावसाइतकाच धरणातून सोडलेल्या पाण्याचा हात होता. नदीकाठच्या पुणेकराने दोन रंग वाचावेत, घाटाचा आधी. आणि तिसरी गोष्ट म्हणजे विसर्गाचे क्युसेक. ते हवामान खाते नव्हे, पाटबंधारे विभाग सांगतो.

मुंबईत धरणाची ही जागा समुद्र घेतो. इथे रंगाची एक मोठी मर्यादा समोर येते: रंग चोवीस तासांचा असतो आणि पाणी तुंबते तासाच्या हिशेबाने. शहरातल्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताने बांधल्या होत्या. २००५नंतरच्या कामांत ती मर्यादा ताशी ५० धरली गेली. आता १०० मिलिमीटर पाऊस घ्या. तो चोवीस तासांत सारखा पडला तर ताशी चार. वाहिन्यांना त्याची दखलही घ्यावी लागत नाही. तोच दोन तासांत पडला तर ताशी ५०, म्हणजे वाहिन्या काठोकाठ. एका तासात पडला तर हिंदमाता आणि मिलन सबवे बुडाले म्हणून समजा. तिन्ही वेळा दिवसाचा आकडा एकच आणि रंगही एकच असू शकतो.

त्यात भरती. शहराचे पाणी अखेर समुद्रात जायचे. मोठ्या भरतीच्या वेळी समुद्राची पातळी वाहिन्यांच्या मुखांपेक्षा वर असते आणि पाणी बाहेर पडायला वाट नसते; हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला इथली उदंचन केंद्रे म्हणजे पंपांची केंद्रे ते उपसून टाकतात, पण त्यांचीही एक क्षमता आहे. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. ती मी कॅलेंडरवर लाल शाईने उतरवून ठेवतो. भरतीची वेळ दिवसागणिक साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आजची ठाऊक असली की उद्याची अंदाजाने काढता येते. २००५च्या त्या दिवशीही दुपारी चारच्या आसपास साडेचार मीटरच्या जवळपास भरती होती, आणि पाऊस वाढला तो नेमका दुपारीच.

एक दिवस घेऊन हे सगळे जुळवून पाहू. समजा, मंगळवारी संध्याकाळी मुंबई उपनगर आणि ठाणे बुधवारसाठी नारंगी आहेत, शहर पिवळे आहे. वाक्य म्हणते, तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार. भरती दुपारी दीडला, ४.६ मीटर. घरात नवरा-बायको दोघे नोकरीला, मुलीची शाळा दुपारची, सासूबाई घरी.

पहिले पाहायचे ते मंगळवारचा रंग, कारण बुधवारी सकाळी साडेआठपर्यंतची रात्र आणि पहाट त्याच्यात आहे. तो पिवळा असेल तर निजताना विशेष काही नाही. नारंगी असेल तर मोबाइल आणि बॅटऱ्या रात्रीच चार्ज करायच्या. मग भरती. दुपारी साडेअकरा ते साडेतीन हा अडचणीचा काळ धरायचा. त्यात जोराची सर आली तर सखल भागात पाणी थांबणार. मुलीची शाळा नेमकी या वेळेत भरते, म्हणून ती सुरू आहे का हे सकाळी दहाला विचारायचे, बाराला नव्हे. दोघांनी सकाळी नेहमीच्या गाडीने जायला हरकत नाही, कारण नारंगी म्हणजे घरी बसा असे नव्हे. पण परतीचा दुसरा मार्ग आणि वाटेवरचे एक घर, जिथे रात्र काढता येईल, हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे. २००५ला ज्यांचे दादरला कोणी होते ते सुखरूप झोपले. पिशवीत औषधे, पाण्याची बाटली, सुके काही. आणि पत्ता-फोन कागदावर, कारण बॅटरी संपते.

नंतर, ऑफिसात बसल्यावर, दिवसाच्या रंगाचे काम संपते आणि नाऊकास्टचे सुरू होते. कुलाबा आणि जोगेश्वरीतली वेरावली इथली रडार ढग पाहतात आणि त्यावरून पुढच्या तीनेक तासांचा इशारा निघतो. त्यालाही हेच चार रंग असतात. लोकांचा गोंधळ इथे होतो. सकाळचा नारंगी आणि दुपारी दोनचा नारंगी एक नव्हेत. पहिला म्हणतो, या चोवीस तासांत कधीतरी, जिल्ह्यात कुठेतरी. दुसरा म्हणतो, आता, या बाजूला. परतीचा निर्णय दुसऱ्यावर घ्यावा. दुपारी चारला नाऊकास्ट हिरवा किंवा पिवळा असेल आणि भरती ओसरलेली असेल तर निघण्याची वेळ तीच. सहाची गर्दी आणि पुढची सर एकत्र यायची वाट पाहू नये. नाऊकास्ट नारंगी किंवा लाल असेल तर उलट, आहात तिथेच थांबा. अर्ध्या वाटेवर अडकलेला माणूस घरीही नसतो आणि ऑफिसातही. नाऊकास्टही चुकतो. समुद्रावरून येणारे ढग तासाभरात उभे राहतात आणि इशारा कधी पावसाच्या बरोबरीने येतो. म्हणून इशारा नाही याचा अर्थ धोका नाही असा घेऊ नये. रस्त्यावर पाणी चढताना दिसले की रंग विसरून मागे फिरावे.

लाल रंगाबद्दल थोडेच लिहितो, कारण पुढे त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. लाल दिवशी प्रवास हा नियम नसून अपवाद असावा. तळमजल्यावरच्या घरांनी कागदपत्रे, औषधे आणि धान्य वर चढवावे. वीजमीटर खाली असेल तर पाणी त्याच्या उंचीला यायच्या आधी मेन स्विच बंद व्हावा, आणि तो कोण करणार ते आधी ठरावे. आमच्या इमारतीत एका वर्षी सगळे जण एकमेकांना “तुम्ही केला ना?” असे विचारत उभे होते, आणि कोणीच केला नव्हता. जमिनीखालच्या टाकीत बाहेरचे पाणी शिरले असेल तर ती साफ होईपर्यंत ते पाणी पिऊ नये. तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल, विशेषतः पायाला जखम असताना, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून लेप्टोस्पायरोसिसची प्रतिबंधक गोळी घ्यावी. २००५च्या पुरानंतर या आजाराने माणसे गेली, पाणी ओसरल्यावर. मुंबईत मदतीसाठी महापालिकेचा १९१६ हा क्रमांक, जिल्ह्यांसाठी १०७७.

आमच्या जिन्यात आता एक फळा आहे. पावसाळ्यात रोज संध्याकाळी सातला त्यावर पाच गोष्टी लिहिल्या जातात: उद्या सकाळी साडेआठपर्यंतचा रंग, त्यानंतरच्या चोवीस तासांचा रंग, रंगाशेजारचे वाक्य जसेच्या तसे, भरतीची वेळ आणि उंची, आणि गच्चीवरच्या मापकातला त्या सकाळचा आकडा. लिहायची पाळी मुलांची असते. पहिल्या ओळीतला रंग आणि दुसऱ्या ओळीतला रंग वेगळा असला, की खालच्या मजल्यावरच्या आजी काठी टेकत थांबतात आणि विचारतात, “रात्रीचा कुठला रे?”